खो दिला की बसायचं: विशेष मुलांना खो-खो शिकवताना

विशेष शाळेत खेळाचा तास घ्यायला तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर पहिल्याच आठवड्यात एक अनुभव हमखास येईल. मुलांना गोल बसवून तुम्ही नियम समजावून सांगाल, "समजलं ना?" असं विचाराल, आणि सगळी मुलं एका सुरात "हो ताई" म्हणतील. खेळ सुरू झाला की मात्र कुणी जागेवरून हलणार नाही, कुणी भलतीकडेच पळत सुटेल, आणि दोघं-तिघं तुमच्याच तोंडाकडे बघत उभी राहतील. मुलं खोटं बोललेली नसतात. "समजलं ना" असं कुणी विचारलं की "हो" म्हणायचं, हे त्यांनी लहानपणापासून इतक्या वेळा केलेलं असतं की तो "हो" त्या प्रश्नाला चिकटूनच येतो. म्हणून हा प्रश्न आजपासून सोडून द्या. त्याच्या जागी "करून दाखव" एवढंच म्हणा.

सिंहगड रस्त्यावरच्या एका विशेष शाळेत मी आठ वर्षं खेळ घेते आहे. इथे फक्त खो-खोबद्दल लिहिते. आमची मुलं १२ ते १७ वयाची आहेत, बौद्धिक अक्षमता सौम्य ते मध्यम स्वरूपाची आहे, आणि सगळी स्वतः चालू-पळू शकतात. तीव्र अक्षमता असलेल्या किंवा चालायला आधार लागणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही.

खो-खोच का? एक तर हा इथला खेळ आहे. त्याचे नियम १९१४ च्या सुमारास आपल्या पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. घरातला दादा किंवा ताई शाळेत तोच खेळलेली असते, त्यामुळे घरी त्यावर बोलणं होतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या खेळात प्रत्येकाला ठरलेली जागा असते आणि एका वेळी एकच काम असतं. फुटबॉलमध्ये चेंडू, गोल, आपले, परके असं सगळं एकदम बघावं लागतं. खो-खोत बसलेल्याला फक्त पाठीवरच्या हाताची वाट बघायची असते.

१. मैदानावर पाय ठेवण्याआधी

कागदपत्रं फार नाहीत, पण ती हातात नसताना सुरुवात करू नका.

- प्रत्येक मुलाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यात पळण्याला हरकत नाही, हे स्पष्ट लिहिलेलं हवं.
- पालकांचं लेखी संमतिपत्र आणि दोन फोन नंबर.
- चालू औषधांची यादी. फिट येण्याचा इतिहास असेल तर शेवटची कधी आली, ती कशी दिसते आणि कशाने येते, हे पालकांकडून लिहून घ्या.
- दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत. रोजच्या तासाला ती लागत नाही, पण स्पर्धेला न्यायचं झालं की लागते.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्यांच्यातल्या काहींचे मानेचे वरचे दोन मणके एकमेकांशी सैल असतात. मानेला झटका बसला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. एक्स-रे चांगला आला म्हणून हा धोका पूर्ण टळला असं होत नाही. त्यामुळे आमच्या खो-खोत सूर मारणं नाही, खांबाला लटकून वळणं नाही, आणि कुणी कुणाला पाठीत धपाटा घालायचा नाही. एखादं मूल अचानक अडखळत चालू लागलं, मान वाकडी धरू लागलं, हात कमजोर झाला किंवा कपड्यात लघवी होऊ लागली, तर खेळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. हृदयाचा त्रासही या मुलांमध्ये बराच आढळतो, म्हणून ते प्रमाणपत्र वरवर बघू नका.

कुणाला फिट आली, तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.

साहित्य घरगुतीच आहे. वेगवेगळ्या रंगांची चार बस्करं, पावलांचे ठसे कापायला जुनी रबरी चटई, चुना, लाल रिबिनी, मुलांच्या संख्येइतके मोठे रुमाल, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे आणि एक डफ. शिट्टी मी वापरत नाही. तिच्या कर्कश आवाजाने आमच्याकडची दोन मुलं कान झाकून खाली बसतात, आणि एकदा बसली की तो तास त्यांच्यापुरता संपतो. डफाची थाप सगळ्यांना चालते.

२. खेळातलं काय ठेवायचं, काय काढायचं

पूर्ण खो-खो आठवून बघा. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान. दोन खांबांमधल्या पाटीवर आठ जण बसतात, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा एका दिशेने निघाला की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. बाजू बदलायची तर त्याने बसलेल्याला मागून खो द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचं. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने येतात.

आता यातला एकेक नियम घेऊन विचारा, हा काढला तर खेळ खो-खो राहील का? तीनची तुकडी काढा, एकच पळणारा ठेवा, तरी खो-खो राहतो. आठाऐवजी चार बसवा, तरी राहतो. पाठीला हात लावून खो देणं काढलं, तर राहत नाही. खो दिल्यावर बसणं काढलं, तरीही राहत नाही. ही दोन कामं आम्ही हलवत नाही. बाकी सगळं मुलांच्या मापाने कमी करतो.

सगळ्यात अडचणीचा नियम दिशेचा. "निघाल्यावर दिशा बदलायची नाही" हे वाक्य आमच्या मुलांच्या उपयोगाचं नाही, कारण त्यात डावीकडे जायचं की उजवीकडे हे आधी स्वतः ठरवायचं असतं आणि मग ते लक्षात ठेवायचं असतं. मी ती निवडच काढून टाकली. आमच्याकडे सगळे एकाच दिशेने फिरतात, देवळातल्या प्रदक्षिणेसारखे. बसलेल्यांची रांग म्हणजे गाभारा, आणि तो कायम आपल्या उजव्या हाताला. चतुर्थीला आजीचं बोट धरून प्रदक्षिणा घातलेली असल्याने "प्रदक्षिणा" म्हटलं की मुलं बरोबर त्याच बाजूने चालू लागतात. खो मिळाल्यावर उठायचं आणि उजवीकडे वळायचं, की दिशा आपोआप बरोबर येते. तोंड रांगेच्या या बाजूला असो की त्या. ज्यांना उजवं-डावं कळत नाही, त्यांच्या उजव्या मनगटाला लाल रिबीन बांधा आणि "लालकडे" एवढंच म्हणा.

प्रदक्षिणेचा नियम पळणाऱ्यालाही लागू आहे, पण त्याला रांगेतून आरपार जायची मोकळीक द्या. खेळाची खरी गंमत त्यातच आहे. तो पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याला खो द्यावाच लागतो, आणि खो कशासाठी असतो हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

बाद ठरवायला नुसता स्पर्श आम्ही ठेवला नाही. स्पर्श झाला की नाही यावरून रडारड होते, आणि जोरात ढकललं जातं, ते मानेच्या दृष्टीने वाईट. पळणाऱ्याने कमरेला मागे रुमाल खोचायचा. रुमाल हातात आला की बाद. तो रुमाल सगळ्यांना दिसतो.

३. नियम मैदानावर दिसू द्या

आमचं मैदान खांब ते खांब १२ मीटर आहे. मध्ये चार बस्करं, दोन-दोन मीटरवर. खांबांना जुनी गादी गुंडाळून बांधली आहे.

प्रत्येक बस्करापुढे रबरी पावलांची एक जोडी ठेवा. दिवाळीत उंबऱ्यापासून आत येणारी लक्ष्मीची पावलं ज्या बाजूने जातात, त्या बाजूने लक्ष्मी चालली, हे आमच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तशीच ही पावलं. बोटं ज्या बाजूला, त्या बाजूला तोंड करून बसायचं. एक सोडून एक जोडी उलट ठेवली की "आलटून पालटून विरुद्ध तोंड" हा अख्खा नियम जमिनीवर येतो. ज्यांना खाली बसून उठायला जड जातं, त्यांच्या बस्कराखाली लाकडी पाट किंवा बुटकं स्टूल द्या. सैल स्नायूंच्या मुलांना उकिडवं बसवण्याचा हट्ट धरू नका; उठण्यातच त्यांची सगळी ताकद जाते आणि खो मिळाला हे त्या खटपटीत विसरतं.

पावसाळ्यात सभागृहात खेळावं लागतं. फरशीवर बस्कर सरकतं आणि मूल पडतं. त्याला खालून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. शक्य असेल तर बस्करांचे रंग आणि क्रम बाहेर होते तसेच आत ठेवा.

४. दाखवा, आणि दाखवताना गप्प राहा

मी पहिली दोन वर्षं दाखवता दाखवता बोलत असे. "हे बघा, मी आता पळतेय, आता मी थांबले, आता मी हिच्या पाठीवर हात ठेवते..." मुलं मग माझ्या तोंडाकडे बघत आणि हातपाय काय करतायत ते सुटून जाई. आता मी आणि आमच्या मदतनीस मावशी, दोघी मिळून एकही शब्द न बोलता दाखवतो. फक्त "खो" हा शब्द मोठ्याने येतो.

दाखवण्याच्या तीन बारीक गोष्टी आहेत. पहिली, मुलांना तुमच्या पाठीमागे, तुमच्याच दिशेला तोंड करून उभं करा. समोर उभं केलं तर तुमचा उजवा त्यांना डावा दिसतो. दुसरी, एका वेळी एकच तुकडा दाखवा आणि तो लागोपाठ तीनदा, अगदी त्याच चालीने. तिसरी, चूक करून दाखवू नका. "असं करायचं नाही हं" म्हणून तुम्ही चुकीचं दाखवलंत, की मुलांच्या लक्षात ते चुकीचंच राहतं, कारण ते जास्त गमतीचं असतं.

दाखवून झालं की लगेच एका मुलाला उभं करा. थांबा. मनात सावकाश दहा मोजा. सूचना मिळाल्यावर अंग हलायला या मुलांना वेळ लागतो, आणि नवा शिक्षक तिसऱ्या सेकंदाला सूचना पुन्हा देतो. मुलाच्या डोक्यात पहिली अर्धी झालेली असते, तेवढ्यात दुसरी येऊन पडते, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. बाहेरून ते हट्टी किंवा मठ्ठ वाटतं. ते काम करत असतं.

शब्दही ठरवून घ्या. आमच्याकडे पाचच आहेत: बस, खो, लालकडे, रुमाल, थांब. "उठू नकोस" म्हणायचं नाही, कारण "उठ" तेवढं ऐकलं जातं. "बस" म्हणायचं. आणि हे पाच शब्द एकाच तोंडातून यायला हवेत. कॉलेजमधून येणारे स्वयंसेवक उत्साहाने चारी बाजूंनी "पळ पळ, इकडे, अरे तिकडे" ओरडतात, कुंपणापाशी उभे असलेले पालकही ओरडतात, आणि मूल मध्ये गोठून उभं राहतं. पालकांना पहिल्याच दिवशी आदराने सांगा की टाळ्या मनसोक्त वाजवा, पण सूचना देऊ नका.

५. एक मुलगी आणि एक नियम

आमच्याकडच्या सगळ्या नियमांत सर्वांत जास्त दिवस घेतले ते "खो दिला की बसायचं" यानेच. हे आधी लक्षात आलं तर तुमचे दोन महिने वाचतील.

निळ्या बस्करावर बसणारी एक मुलगी होती, चौदा वर्षांची. पळायला चपळ, खो द्यायला तयार. पण खो दिल्यावर ती थांबायची नाही. तिने उठवलेली मैत्रीण पळू लागायची आणि तिच्या मागोमाग हीसुद्धा. मैदानावर पाठलाग करणारे दोन, मग तीन, आणि बस्करं रिकामी. आम्ही ओरडायचो, "बस, बस!" ती थांबायची, आमच्याकडे बघायची आणि जिथे उभी आहे तिथेच मातीत बसायची.

तिच्या बाजूने विचार केल्यावर मला कळलं. तिच्यासाठी पळणं चालू होतं, पळणारा समोर दिसत होता, रुमाल हलत होता. पाठीला हात लावला म्हणजे आपलं काम संपलं, हे तिला दाखवणारं मैदानावर काहीच नव्हतं. आणि "बस" म्हणजे कुठे बस, हे आम्ही कधी दाखवलंच नव्हतं. समोरची मैत्रीण उठून गेलेली असायची, तिचं बस्कर मात्र तिच्या धक्क्याने उडून बाजूला पडलेलं असायचं.

आम्ही खेळ थांबवला आणि तो तुकडा वेगळा काढला. पहिल्यांदा बस्करं जमिनीला पक्की केली, म्हणजे मैत्रीण उठली की मागे रिकामं बस्कर आणि त्याची पावलं तशीच दिसायला हवीत. मग शेवटून सुरुवात केली. पळणारा नाही, पाठलाग नाही. ती रिकाम्या बस्करामागे उभी. तिने फक्त पुढे येऊन पावलांवर पावलं ठेवून बसायचं. बसली की मी डफावर एक थाप द्यायची. हे दोन दिवसांत जमलं.

त्यानंतर एक पायरी मागे. बस्करावर मावशी बसल्या. मुलगी मागून आली, पाठीवर तळहात ठेवून "खो" म्हणाली, मावशी उठून उजवीकडे गेल्या आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. आता मुलीने बसायचं. पहिल्या दिवशी दहापैकी एकदाही ती आपण होऊन बसली नाही. नऊ वेळा मावशींच्या मागे निघाली, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या खांद्याला दोन बोटं लावून तिला बस्कराकडे वळवायची. तिसऱ्या तासापासून खांद्याला हात न लावता फक्त बस्कराकडे बोट दाखवायला लागले. पाचव्या तासापासून बोटही नाही, मी नुसती बस्कराकडे बघायची. मदत अशीच उतरवत न्या: हात, मग बोट, मग नजर, मग काहीच नाही. एखाद्या पायरीवर ती अडली तर एकच पायरी मागे यायचं, पहिल्यापासून नाही.

इथे एक मोठा सापळा आहे, आणि त्यात मी अडकले होते. सातव्या तासाला ती दहापैकी नऊदा बसली. मी खूश. मग मी पाणी प्यायला गेले आणि मावशींनी घेतलं, तर दहापैकी तीन. ती बस्कराकडे बघून बसतच नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघून बसत होती. मी बस्कराकडे नजर टाकली की बसायचं, हा नियम ती शिकली होती. त्यानंतर मी तिच्या मागे, तिला दिसणार नाही अशी उभी राहू लागले. आकडा पुन्हा चारावर आला आणि मग खऱ्या अर्थाने वर चढला. तुम्ही जिथे उभे राहता ती जागा रोज बदला, नाहीतर नियम तुमच्या चेहऱ्यात अडकतो.

माझं माप असं आहे की कुठलाही तुकडा मदतीविना दहापैकी आठदा, लागोपाठ तीन तास जमला, की पुढचा जोडायचा. तिला त्या मापापर्यंत यायला साडेपाच आठवडे लागले. मग पाठलाग जोडला, हळू चालत. मग पळत. सगळ्यात शेवटी रुमालवाला पळणारा आणला. रुमाल दिसल्यावर पहिले दोन दिवस ती पुन्हा बसायची विसरली. ते अपेक्षित होतं, कारण पळणारा दिसला की ओढ लागते. पळणाऱ्याला दोन दिवस लांब ठेवून मग जवळ आणला.

६. एकाच्या खोला दुसरा उठतो तेव्हा

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे "खो" ऐकलं की चारही जण उठतात. त्यांनी चूक केलेली नसते; शब्द सगळ्यांनाच ऐकू गेला. म्हणून सुरुवातीला खोआधी नाव घ्यायला लावा. नाव, पाठीवर तळहात, खो, या क्रमाने. बसलेल्यांना शिकवताना डोळे मिटवून सराव घ्या. मी रांगेमागून चालत जाते, नुसतंच "खो" म्हणते आणि कुणालाच हात लावत नाही. कुणी उठलं नाही की सगळ्यांना डफाची थाप. मग एकाला हात लावून खो. हा पाच मिनिटांचा खेळ मुलांना फार आवडतो आणि वाट बघणं त्यातूनच येतं. नाव काढून टाकायची घाई करू नका. आमच्याकडे ते वर्षभर होतं.

ज्यांना पाठीवर अचानक हात सहन होत नाही, अशी मुलंही असतात. विशेषतः स्वमग्नता सोबत असेल तर. त्यांच्या बस्करामागे छोटी घंटा ठेवा आणि खो देणाऱ्याने ती वाजवायची.

७. तासाचा साचा

तास चाळीस मिनिटांचा, आठवड्यातून तीनदा, त्याच वेळी. आमचा क्रम असा: बूट घालणं, आपापलं बस्कर स्वतः उचलून रंगाच्या खुणेवर ठेवणं, रांगेभोवती चालत एक प्रदक्षिणा, डोळे मिटून खो, नवा तुकडा दाखवणं आणि करणं, मग दोन-दोन मिनिटांचे डाव, शेवटी रुमाल मोजणं, बस्करं गोळा करणं, पाणी.

बस्कर स्वतः ठेवायला लावणं सोडू नका. त्यात वेळ जातो, पण खेळाची मांडणी मुलांच्या हातून झालेली असल्याने आपली जागा त्यांना शोधावी लागत नाही.

बाद झाल्यावर काय करायचं, हेही साच्यात हवं. सुरुवातीला आमची मुलं बाद झाली की रडायची, एक मुलगा तर गेटकडे निघून जायचा. "बाद" म्हणजे काहीतरी चुकलं, शिक्षा झाली, असं त्यांना वाटे. आता बाद झालेला मुलगा आपला रुमाल घेऊन झाडाखालच्या दोरीपाशी जातो, चिमट्याने तो लावतो आणि पुढच्याला रुमाल देऊन मैदानात पाठवतो. बाद झाल्यावर हाताला काम आहे, आणि दोरीवर लटकणारे रुमाल हाच गुणफलक. किती झाले ते ज्याला मोजता येत नाही, त्यालाही दोन दोऱ्यांतली कोणती जास्त भरली ते दिसतं.

पुण्यात वर्षातून तीनदा हा साचा मोडतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर, गणपतीच्या आधी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर. गणपतीआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी तो तास आम्ही सकाळी घेतो. दिवाळीनंतर पहिल्या तासाला काहीही नवं दाखवू नका. निम्मं विसरलेलं असतं. दोन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करा. पहिल्यांदा पाच आठवडे लागलेलं दुसऱ्यांदा चार-पाच तासांत परत येतं.

८. साचा पक्का झाला की तोच थोडा हलवा

निळ्या बस्करावरची मुलगी चार महिन्यांनी छान खेळू लागली. मग एक दिवस निळं बस्कर धुवायला टाकलं होतं, म्हणून तिथे पिवळं ठेवलं. ती उभीच राहिली, आणि त्या दिवशी खेळली नाही. तिच्या लेखी खेळ म्हणजे निळं बस्कर होतं.

म्हणून सगळं जमलं की आठवड्याला एकच गोष्ट बदला, आणि तीही मुलांना आधी दाखवून. या आठवड्यात बस्करांचे रंग. पुढच्या आठवड्यात खो देणारी जोडी. मग चाराची पाच बस्करं. मग पावलांचे ठसे काढून फक्त बस्कर. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गडबड झाली, तर कशामुळे झाली ते तुम्हाला कळणार नाही. प्रदक्षिणेचा नियम सोडून खरा दिशेचा नियम आणायचा असेल, तर तो सगळ्यात शेवटी, आणि आमच्याकडे दहातल्या तिघांनाच तो जमला. उरलेली सात प्रदक्षिणेनेच खेळतात. दोन्ही प्रकारची मुलं एकाच डावात चालतात, फक्त कोण कुठल्या नियमाने खेळतं हे पंचाला आधी माहीत हवं. आमच्याकडे प्रदक्षिणेवाल्यांच्या मनगटाला लाल रिबीन असतेच, तीच पंचाची खूण.

या सगळ्यासाठी एक वही ठेवा. प्रत्येक मुलाला एक पान. तारीख, कुठला तुकडा, दहापैकी किती, कोणती मदत: हात, बोट, नजर की काहीच नाही. शेवटच्या रकान्यात तुम्ही कुठे उभे होता ते लिहा. तुम्ही रजेवर गेलात, तर तुमच्या जागी येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी कुणाच्या खांद्याला हात लावायचा आणि कुणाच्या मागे दिसणार नाही असं उभं राहायचं, हे त्या वहीतूनच कळेल.